जुना कॅमेरा घेताना: शटर काउंटच्या पुढे काय बघायचं?

सेकंडहँड कॅमेरा बघायला गेलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "शटर काउंट किती?" प्रश्न रास्तच आहे, पण बऱ्याचदा तपासणी तिथेच संपते. आकडा कमी निघाला की समाधान होतं आणि व्यवहार उरकला जातो. खरं तर हा आकडा, म्हणजे शटर आजवर किती वेळा चाललं याची मोजणी, कॅमेऱ्यातल्या एका सुट्या भागाचं वय सांगतो, आणि तेही अर्धवट. शटर नीट चालतंय का, सेन्सरवर ओरखडे आहेत का, लेन्सच्या आत बुरशी धरली आहे का, हे तो सांगत नाही. हे सगळं अर्ध्या-पाऊण तासात, जागेवरच तपासता येतं. सोबत फार काही लागत नाही: स्वतःचं रिकामं मेमरी कार्ड, एक टॉर्च, रबरी ब्लोअर आणि शक्य असेल तर लॅपटॉप.

समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. निकॉनचा डी७५० हा २०१४ साली आलेला फुल फ्रेम डीएसएलआर आहे आणि वापरलेल्या बाजारात तो भरपूर दिसतो. समजा असे दोन कॅमेरे आपल्यासमोर आहेत आणि दोन्हींसोबत ५० मिमी एफ/१.८ जी ही लेन्स आहे. पहिल्याचा विक्रेता सांगतो की काउंट चाळीस हजारांच्या आत आहे. दुसऱ्याचा सांगतो की लाखाच्या वर गेला आहे. यातला कुठला घ्यावा?

आकडा कुठून मिळतो

आधी एक गैरसमज दूर करू. फोटोच्या फाइलच्या नावातला क्रमांक म्हणजे शटर काउंट नव्हे. DSC_0412.JPG असं नाव दिसलं म्हणून कॅमेऱ्याने ४१२ फोटो काढले, असं होत नाही. हा क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा सुरुवातीपासून मोजला जातो आणि मेनूतून कधीही परत शून्यावर आणता येतो.

निकॉनचे कॅमेरे खरा आकडा प्रत्येक फोटोच्या आत, एक्झिफ माहितीमध्ये लिहून ठेवतात. म्हणून आपलं कार्ड घालून एक जेपीईजी काढायचा आणि तो कार्डावरून थेट लॅपटॉपवर घ्यायचा. मेसेजिंग अ‍ॅपवरून आलेली किंवा एडिट केलेली फाइल चालत नाही, कारण त्या प्रवासात ही माहिती बहुतेक वेळा गळून पडते. मग एक्झिफटूल नावाच्या मोफत प्रोग्रामने ती फाइल वाचायची:

```
exiftool -Model -SerialNumber -ShutterCount DSC_0412.JPG
```

समोर तीन ओळी येतात. तिसरी ओळ सगळे बघतात, पण दुसरीही तितकीच कामाची आहे. SerialNumber समोरचा क्रमांक कॅमेऱ्याच्या अंगावर छापलेल्या क्रमांकाशी आणि मूळ बिलाशी जुळला पाहिजे. जुळला नाही, तर एकतर कॅमेऱ्याचं बाहेरचं आवरण कधीतरी बदललं आहे किंवा तो कॅमेरा विक्रेत्याचा नाही. दोन्हींचं समाधानकारक उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

बाकीच्या कंपन्यांचं असं सरळ नसतं. कॅननचे बहुतेक कॅमेरे फोटोत हा आकडा लिहीत नाहीत. जुन्या मॉडेलना यूएसबी केबलने जोडून वेगळ्या सॉफ्टवेअरने तो वाचावा लागतो, तर काही नव्या मॉडेलमध्ये तो मेनूतच हजारांच्या टप्प्यात दिसतो. सोनीच्या काही मॉडेलचा आकडा एक्झिफटूलने मिळतो, काहींचा नाही. त्यामुळे जाण्याआधी त्या विशिष्ट मॉडेलचा आकडा कसा वाचतात हे बघून जावं.

आता हा आकडा वाचायचा कसा ते पाहू. डी७५० चं शटर १,५०,००० वेळा चालवून तपासलेलं आहे, असं निकॉन सांगते. ही हमी नाही आणि एक्स्पायरी डेटही नाही. एखादं शटर त्याच्या बरंच आधी जातं, एखादं दुप्पट चालतं. शिवाय आकड्यातून काही गोष्टी सुटतात. तासभर व्हिडिओ काढला तर सेन्सर तासभर तापतो, पण शटरची मोजणी जेमतेम एका-दोनाने वाढते. मिररलेस कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटरने हजारो फोटो काढले तरी यांत्रिक शटर हलतही नाही. आणि दुरुस्तीत शटर बदललं असेल तर मोजणी कधी नव्याने सुरू केली जाते, कधी जुनीच पुढे चालू राहते. म्हणून "शटर बदललं आहे का, पावती आहे का" हे थेट विचारावं. बदललेलं असेल तर तो दोष नाही. कागद असेल तर मी तो फायदाच समजेन.

आकडा आणि अंग यांचा मेळ बसतो का, हेही बघावं. काउंट आठ हजार, पण पकडीचं रबर सुटलेलं, वर फ्लॅश बसवायच्या हॉट शूचा रंग घासून धातू उघडा पडलेला, खाली ट्रायपॉड प्लेटचे खोल वळ आणि बटणांवरची अक्षरं पुसट, असं असेल तर तो कॅमेरा एकतर व्हिडिओसाठी राबला आहे किंवा त्याचा आकडा खरा नाही.

शटरची खरी परीक्षा

माझ्या मते संपूर्ण तपासणीतली ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि नेमकी हीच सगळ्यात जास्त वगळली जाते. ती का करायची हे कळण्यासाठी शटर चालतं कसं ते थोडं समजून घेऊ.

सेन्सरसमोर दोन पडदे असतात. पहिला सरकून सेन्सर उघडतो, दुसरा त्याच्या मागून सरकून तो झाकतो. डी७५० वर १/२०० सेकंदापर्यंत मधे एक क्षण असा येतो की पूर्ण सेन्सर उघडा असतो. त्याहून वेगवान शटरला मात्र पहिला पडदा पार पोहोचण्याआधीच दुसरा निघतो. म्हणजे सेन्सर एकदम कधीच उघडत नाही. दोन पडद्यांमधली एक फट त्याच्यावरून सरकत जाते. १/४००० ला ही फट जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची असते.

आता समजा झिजल्यामुळे दुसरा पडदा थोडा अडखळला आणि काही भागात वेळेत एक दशांश मिलिसेकंदाचा फरक पडला. १/२०० सेकंद म्हणजे ५ मिलिसेकंद. त्यात हा फरक २ टक्क्यांचा, डोळ्याला दिसणारही नाही. १/४००० सेकंद म्हणजे पाव मिलिसेकंद. त्यात तोच फरक ४० टक्क्यांचा होतो आणि फोटोवर चक्क एक काळपट किंवा उजळ पट्टा उमटतो. खराब होऊ लागलेलं शटर आधी सर्वात वेगवान सेटिंगवर उघडं पडतं ते यामुळे. विक्रेता घरात १/६० वर दोन फोटो काढून दाखवतो तेव्हा सगळं उत्तमच दिसतं.

म्हणून बाहेर पडावं. एकसारख्या रंगाची, उजेडातली भिंत किंवा मोकळं आकाश निवडायचं. ट्यूबलाइट किंवा एलईडीच्या प्रकाशात ही परीक्षा करू नये. ते दिवे सतत लुकलुकत असतात आणि त्यांच्यामुळेही फोटोत पट्टे येतात. मग चांगल्या शटरवर उगाच आळ येतो. कॅमेरा मॅन्युअल मोडवर, अ‍ॅपर्चर एफ/५.६ वर, ऑटो आयएसओ बंद. पहिला फोटो १/२५० सेकंद आणि आयएसओ १०० वर. दुसरा १/४००० आणि आयएसओ १६०० वर. शटर १६ पट वेगवान झालं आणि आयएसओ १६ पट वाढला, त्यामुळे दोन्ही फोटोंचा उजळपणा सारखाच यायला हवा. चित्र फार गडद किंवा फार पांढरं येत असेल तर अ‍ॅपर्चर बदला, पण दोन्ही फोटोंना एकच ठेवा. अ‍ॅपर्चर तेच राहिलं की लेन्समुळे कोपऱ्यांत येणारा काळोखही दोन्हीकडे सारखा राहतो आणि तुलना सरळ होते.

मग १/४००० वरच बर्स्टमध्ये आठ-दहा फोटो काढायचे आणि स्क्रीनवर एकामागून एक भराभर पुढे सरकवायचे. उजेड थरथरल्यासारखा वाटतो का, वरच्या किंवा खालच्या कडेला पट्टा येतो का, एखादा फोटो मधेच पूर्ण काळा निघतो का, ते बघायचं. हा दोष प्रत्येक फोटोत येत नाही, दहात एक-दोनदाच येऊ शकतो. म्हणूनच एका फोटोवर भागत नाही.

डी७५० च्या बाबतीत ही परीक्षा अधिकच गरजेची आहे. काही काळात बनलेल्या कॅमेऱ्यांत शटर नीट न चालून फोटोच्या एका भागावर सावली पडते, असं निकॉनने स्वतःच २०१५ मध्ये जाहीर केलं होतं. त्यांची दुरुस्ती मोफत करण्याची घोषणा केली आणि पुढे २०१६ व २०१७ मध्ये तिची व्याप्ती वाढवली. कुठलंही मॉडेल बघायला जाण्याआधी असा जाहीर झालेला दोष आहे का, आणि आपल्यासमोरच्या क्रमांकाचा कॅमेरा त्यात येतो का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर बघून घ्यावं.

आपल्या उदाहरणाकडे येऊ. पहिल्या कॅमेऱ्याचा आकडा ३८,४१२ निघाला, म्हणजे विक्रेता खरं बोलत होता. पण १/४००० च्या दहा फोटोंपैकी तिनांत वरच्या कडेला काळपट पट्टा आला. दुसऱ्याचा आकडा १,१२,००० आणि त्याचे दहाही फोटो एकसारखे. मी बेलाशक दुसरा घेईन, आणि घेताना असं धरून चालेन की शटर पुढेमागे बदलावं लागेल. त्यासाठी आधीच एखाद्या दुरुस्ती केंद्राकडून शटर बदलण्याचा खर्च विचारून ठेवावा. किंमत ठरवताना तो आकडा हाताशी असला की घासाघीस मोघम राहत नाही. पहिल्याच्या किमतीतून तर तो खर्च पूर्णच वजा व्हायला हवा, कारण तिथे दुरुस्ती आजच लागणार आहे.

सेन्सर: धूळ, तेल आणि ओरखडा

लेन्स जिथे बसते त्या माउंटमधून आत डोकावून सेन्सर तपासण्यात अर्थ नाही. फोटोत बिघाड करणारे बहुतेक डाग डोळ्यांना दिसत नाहीत. शिवाय झाकण उघडं ठेवून आणखी धूळ आत जाते. सेन्सरचं परीक्षण फोटोनेच करायचं.

अ‍ॅपर्चर एफ/१६ वर ठेवा, आयएसओ १००, फोकस मॅन्युअल करून अनंतावर. पांढरी भिंत किंवा आकाश फ्रेमभर घ्या आणि फोटो काढताना कॅमेरा मुद्दाम हलवा. भिंतीवरचे डाग हलल्यामुळे विरघळून जातात. जे एका जागी राहतात ते सेन्सरवरचे. एफ/१६ कशासाठी? धूळ खुद्द सेन्सरवर बसत नाही, त्याच्या वर असलेल्या काचेवर बसते. अ‍ॅपर्चर मोठं असताना प्रकाश सगळ्या बाजूंनी येतो आणि कणाची सावली पसरून नाहीशी होते. अ‍ॅपर्चर लहान केलं की सावली धारदार होते. विक्रेत्याने एफ/२.८ वर काढून दाखवलेला स्वच्छ फोटो म्हणूनच पुरावा धरता येत नाही.

फोटो १०० टक्के मोठा करून एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत सावकाश सरकवत बघा. मऊ कडांचे राखाडी ठिपके म्हणजे धूळ. गोल ठिपका, मधे किंचित उजळ आणि भोवती कडं असेल तर बहुधा तेलाचा थेंब, जो शटरच्या यंत्रणेतून उडतो. आणि बारीक, धारदार रेघ म्हणजे ओरखडा, बहुतेक वेळा चुकीच्या पद्धतीने साफ करताना पडलेला.

आता विक्रेत्याची परवानगी घेऊन, आरसा वर धरणाऱ्या क्लीनिंग मोडमध्ये, कॅमेऱ्याचं तोंड खाली करून ब्लोअरने चार-पाच वेळा हवा मारा. बॅटरी भरलेली असावी, नाहीतर आरसा मधेच खाली येईल. तोंडाने फुंकर कधीच मारू नये, थुंकीचे कण चिकटतात. त्यानंतर तोच फोटो पुन्हा काढा. जे ठिपके हलले किंवा गेले ती मोकळी धूळ, तिची चिंता नको. जे जिथल्या तिथे आहेत ते ओल्या सफाईने जातील, किंवा ओरखडा असेल तर जाणारच नाहीत. कुठे बघायचं हे ठरवताना एक गोष्ट ध्यानात घ्या. सेन्सरवर चित्र उलटं पडतं. समोरून आत बघताना, फोटोत वर डावीकडे दिसणारा डाग सेन्सरवर खाली डावीकडे असतो.

तेलाचे डाग हटवल्यावर पुन्हा येतात का, हा प्रश्न वेगळा. निकॉनचाच डी६०० हा २०१२ चा कॅमेरा यासाठी बदनाम झाला. साफ केला तरी डाग पुन्हा येत, आणि शेवटी २०१४ मध्ये कंपनीने वॉरंटी संपलेल्यांनाही मोफत दुरुस्ती देऊ केली. तेव्हा तेलाचे बरेच डाग दिसले तर "साफ करून घेईन" एवढ्यावर विषय सोडू नये.

शेवटची सेन्सरची चाचणी अंधाराची. लेन्सवर झाकण लावून, व्ह्यूफाइंडर झाकून, लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवून दोन फोटो काढा: एक १/६० सेकंदाचा, दुसरा ३० सेकंदांचा. तीस सेकंदांच्या फोटोत थोडे रंगीत ठिपके दिसणं अगदी सामान्य आहे, सेन्सर तापल्यावर काही पिक्सेल चमकतात. १/६० वरही तोच ठिपका ठामपणे चमकत असेल तर तो पिक्सेल बिघडलेला आहे. असे एक-दोन असतील तर बऱ्याच कॅमेऱ्यांत पिक्सेल मॅपिंगने ते झाकता येतात. मात्र फोटोभर आडवी किंवा उभी रंगीत रेघ दिसली तर तिथेच थांबावं. कार्यक्रमांतल्या लेझरच्या झोताने सेन्सर भाजला की अशा रेघा उमटतात, आणि त्याला सेन्सर बदलण्याशिवाय उपाय नसतो. मंचावरचे कार्यक्रम टिपणाऱ्याचा कॅमेरा असेल तर हा फोटो काढल्याशिवाय उठू नये.

लेन्समधली बुरशी

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, प्रत्येक लेन्समध्येही असतात. त्यांना रुजायला दमट, कोंडलेली हवा आणि अंधार लागतो. कपाटात, चामडी केसमध्ये, पावसाळाभर न उघडलेली लेन्स म्हणजे तिच्यासाठी आदर्श जागा. आर्द्रता आठवडेच्या आठवडे साठ-सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की ती वाढू लागते. आतली सूक्ष्म धूळ आणि वंगण हे तिचं खाणं. वाढताना ती आम्ल सोडते, आणि ते काचेवरचं कोटिंग खातं. नुकसान होतं ते इथे. बुरशी पुसता येते, तिने कोरलेली खूण पुसता येत नाही.

बघायची पद्धत अशी. लेन्स कॅमेऱ्यावरून काढा, दोन्ही झाकणं काढा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं हवं, नाहीतर पात्यांच्या मागचा भाग झाकलेला राहतो. ५० मिमी एफ/१.८ जी सारख्या निकॉनच्या लेन्सचं अ‍ॅपर्चर काढल्यावर मिटलेलं असतं. मागच्या बाजूला एक छोटी धातूची पट्टी आहे, ती बोटाने हळूच सरकवून धरली की पाती उघडतात. मग काळोख्या जागी टॉर्चचा झोत एका बाजूने तिरका टाका आणि दुसऱ्या बाजूने बघत लेन्स सावकाश फिरवा. झोत सरळ डोळ्यात येऊ देऊ नका. तिरक्या प्रकाशात बुरशी पांढरट उजळते, समोरच्या सरळ प्रकाशात ती हरवते. नंतर टॉर्च दुसऱ्या बाजूला नेऊन उलट बघा. झूम लेन्स असेल तर दोन्ही टोकांना हे करावं, कारण आतले भिंगांचे गट सरकतात आणि लपलेला भाग समोर येतो.

टॉर्चमध्ये प्रत्येक लेन्स वाईट दिसते, आणि इथे नवखे घाबरतात. सुटे चमकणारे कण म्हणजे धूळ. ती दहा वर्षांच्या लेन्समध्ये असणारच, फोटोत तिचा परिणाम होत नाही. बुरशी ओळखायची ती फांद्यांवरून: एका बिंदूपासून निघालेले, बारीक, दुभंगत जाणारे धागे, बहुधा काठाकडून आत सरकलेले. पूर्ण भिंगावर धुक्यासारखा एकसारखा थर असेल तर तो हेझ. तो बहुतेकदा वंगणाची वाफ बसून येतो आणि कधीकधी स्वच्छ होतो. पुढच्या भिंगावर एका दिशेला जाणाऱ्या केसासारख्या रेघा पुसण्याच्या असतात. काठाला इंद्रधनुषी रंगांचे पट्टे दिसले, तर एकमेकांना चिकटवलेली दोन भिंगं सुटू लागली आहेत. ते दुरुस्त करणं बहुधा परवडत नाही.

बुरशी दिसली की लेन्स फेकूनच द्यायची का? नाही. ती कुठे आहे यावर सगळं ठरतं. काठाशी एक-दोन धागे असतील तर फोटोत काहीच कळत नाही. खात्री करायची असेल तर तेजस्वी दिवा फ्रेममध्ये किंवा फ्रेमच्या जरासा बाहेर ठेवून फोटो काढा. काळा भाग राखाडी झाला, दिव्याभोवती पांढरट धुकं पसरलं, तर ती काम बिघडवू लागली आहे. मधोमध किंवा चिकटवलेल्या भिंगांच्या मध्ये असेल तर माझा सरळ नकार. पुढच्या किंवा मागच्या गटावर असेल आणि दुरुस्तीचा खर्च वजा होत असेल, तर विचार करता येतो. पण तीही इतर लेन्सच्या पिशवीत कोंबू नये, आणि घरी आणल्यावर चाळीस-पन्नास टक्के आर्द्रतेच्या कोरड्या डब्यात ठेवावी.

"बुरशी होती, पण साफ करून घेतली" असं सांगितलं तर कान टवकारावेत. लेन्स उघडून पुन्हा जोडताना एखादं भिंग किंचित कलतं आणि एका बाजूला चित्र कायमचं मऊ होतं. स्क्रूंच्या डोक्यांवर पेचकसाचे ओरखडे हा उघडल्याचा पुरावा. कलल्याचा पुरावा फोटोत मिळतो. विटांची भिंत किंवा छापील मजकुराचा मोठा कागद समोर घेऊन कॅमेरा त्याला समांतर धरा आणि एफ/१.८ वर फोटो काढा. चारही कोपरे सारखेच मऊ आले तर तो लेन्सचा स्वभाव आहे. एकच कोपरा फार मऊ असेल तर कॅमेरा उलटा धरून पुन्हा काढा. मऊपणा फ्रेमच्या त्याच कोपऱ्याला चिकटून राहिला तर दोष यंत्रात आहे. तो भिंतीबरोबर दुसऱ्या कोपऱ्यात गेला तर तुमचाच कॅमेरा समांतर नव्हता. यंत्रात म्हणजे लेन्समध्ये की माउंटमध्ये, हे दुसरी लेन्स लावून कळतं.

लपलेली दुखणी

पडलेला आणि भिजलेला, हे दोन कॅमेरे विक्रेता सहसा तसं म्हणून विकत नाही. पडलेल्याच्या खुणा कोपऱ्यांवर आणि माउंटच्या कड्यावर असतात. लेन्स लावल्यावर तिला थोडं हलवून बघा. किंचित खेळ चालतो, खटखट नको. भिजल्याचा शोध बॅटरीच्या कप्प्यात, हॉट शूखाली आणि झाकणाखालच्या पोर्टमध्ये घ्यावा. संपर्काच्या पट्ट्यांवर हिरवट किंवा पांढरी भुकटी आणि गंजलेले स्क्रू दिसले की विषय संपला. खारं पाणी लागलेला कॅमेरा आज चालतो आणि चार महिन्यांनी अचानक मरतो. डायल फिरवताना वाळूसारखं करकरलं किंवा एका खटक्यात आकडा दोनदा उडाला, तर तिथेही आत काहीतरी गेलेलं आहे.

फोकसचा एक छुपा पुरावा डीएसएलआरच्या मेनूतच असतो, आणि तो फार थोडे लोक उघडतात. डी७५० मध्ये एएफ फाइन ट्यून नावाची नोंद आहे. त्यात प्रत्येक लेन्ससाठी उणे वीस ते अधिक वीसपर्यंत दुरुस्ती भरता येते. तिथे उणे अठरा लिहिलेलं सापडलं तर आधीच्या मालकाला फोकसचा मोठा त्रास होता आणि त्याने तो तात्पुरता झाकला होता, हे उघड आहे. ती नोंद बंद करा, टेबलावर तिरकी पट्टी ठेवा आणि एफ/१.८ वर तिच्या एकाच आकड्यावर व्ह्यूफाइंडरमधून पाच वेळा फोकस करा, प्रत्येक वेळी आधी फोकस मुद्दाम बिघडवून. मग लाइव्ह व्ह्यूमधून, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, एकदा. लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस थेट सेन्सरवर ठरतो, म्हणून तो आपला मापदंड. पाचही फोटो सारखेच थोडे पुढे असतील तर फाइन ट्यूनने भागेल. पाचही वेगवेगळे आले तर आरसा किंवा लेन्सची मोटर नीट नाही. ते आकड्याने सुधारत नाही.

दोन्ही कार्ड स्लॉटमध्ये कार्ड घालून फोटो साठवून बघा, उघडमिट होणारा स्क्रीन फिरवताना चित्र लुकलुकतं का पाहा, फ्लॅश असेल तर एकदा उडवा. बऱ्याच मिररलेसमध्ये सेन्सर स्थिर ठेवणारी यंत्रणा असते. कॅमेरा बंद असताना काही मॉडेलमध्ये ती आत हलते आणि आवाज येतो, ते बिघाडाचं लक्षण नाही. चालू केल्यावर चित्र थरथरत राहिलं तर मात्र आहे.

उदाहरणातल्या दुसऱ्या डी७५० च्या सेन्सरवर तीन डाग निघाले. ब्लोअरने दोन गेले, तिसरा मऊ कडांचाच होता आणि साफ होण्यासारखा. फाइन ट्यूनची नोंद रिकामी, कोपरे सारखे. सोबतच्या लेन्सच्या मागच्या गटात मात्र काठापासून मध्यापर्यंत पोहोचलेले धागे. तेव्हा कॅमेऱ्याचं अंग तेवढं घ्यायचं आणि लेन्स परत द्यायची. दोन्ही मिळून एकच किंमत सांगितली असेल तर वेगवेगळी मागायची. विक्रेता तयार झाला तर पावतीवर कॅमेऱ्याचा क्रमांक, त्या दिवशीचा शटर काउंट आणि किती दिवसांत परत घेणार हे लिहून घ्यावं. आणि कुणी आपलं कार्ड घालू द्यायला किंवा लेन्स काढून दाखवायला नकार दिला, तर बाकी काही न तपासता उठावं.